३१ मार्चचा हिशेब

महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडले तर शेतकऱ्याला व्याज शून्य टक्के पडते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सांगितले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फुकट मिळणारे भांडवल घेतल्यावर माणूस थकतो कसा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर व्याजदरात सापडत नाही. ते ‘वेळेत’ या अटीत आहे. शेतकऱ्याच्या हातात पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि बँक तो कोणत्या तारखेला मागते, हे न पाहता शेती कर्जाचे मूल्यमापन करता येत नाही. हा लेख त्या तारखेविषयी आहे.

आधी कर्जाची रक्कम ठरते कशी ते पाहू. प्रत्येक जिल्ह्यात एक तांत्रिक समिती पीकनिहाय कर्जदर ठरवते. एक एकर किंवा एक हेक्टर सोयाबीन घ्यायला बियाणे, खत, फवारणी, मजुरी मिळून किती खर्च येतो, याचा तो अंदाज असतो. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि पीकपेरा पाहून बँक किंवा गावची विकास सोसायटी त्या दराने गुणाकार करते. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत त्यावर आणखी काही टक्के घरखर्चासाठी आणि अवजारांच्या दुरुस्तीसाठी धरले जातात. ही पद्धत साधी आहे, सर्वांना समान लागू होते आणि सचिवाला अर्ध्या तासात उरकता येते. पण हा गुणाकार पिकाला किती पैसे लागतील एवढेच सांगतो. घर किती पैसे परत करू शकेल, हे त्यातून कळत नाही. कर्जाची मर्यादा खर्चावरून ठरते आणि परतफेड उत्पन्नातून करायची असते. या दोहोंमधले अंतर मोजणे म्हणजेच परतफेड क्षमतेचा हिशेब.

तो हिशेब एका कुटुंबावर करून पाहू. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात शोभेल असे कुटुंब घेऊ. पाच एकर जमीन, एक विहीर, दोन मुले शाळेत. पुढचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण तिथल्या शेतकऱ्याला ते परके वाटू नयेत. खरिपात पाचही एकरांवर सोयाबीन असते. त्यातल्या दोन एकरांत तुरीचे आंतरपीक, आणि उरलेल्या तीन एकरांवर सोयाबीन निघाल्यावर हरभरा. सोयाबीन ३६ क्विंटल होते आणि ४,२०० रुपये भावाने १,५१,२०० रुपये येतात. तूर सहा क्विंटल, ७,००० च्या भावाने ४२,०००. हरभरा १८ क्विंटल, ५,२०० च्या भावाने ९३,६००. वर्षाची एकूण आवक झाली २,८६,८०० रुपये.

रोख खर्च पाहा. खरिपाचे पेरणीपासून मळणीपर्यंत १,०२,००० आणि हरभऱ्याचे ३६,०००, मिळून १,३८,०००. शेतीतून उरले १,४८,८००. महिना दहा हजारांनी घरखर्च १,२०,०००. केंद्राच्या पीएम किसानचे सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार आले. आता हातात ४०,८०० रुपये शिल्लक राहतात. या कुटुंबाची वर्षाची परतफेड क्षमता एवढीच आहे.

इथे विद्यार्थ्यांची एक चूक हमखास होते, म्हणून जरा थांबायला हवे. या कुटुंबाने १,२०,००० रुपयांचे पीक कर्ज घेतले आहे. म्हणून पुष्कळ जण ४०,८०० मधून ते १,२०,००० वजा करायला जातात आणि कुटुंब बुडाल्याचा निष्कर्ष काढतात. पण त्या कर्जातूनच बियाणे आणि खत आले, आणि तो खर्च आपण १,३८,००० मध्ये आधीच वजा केला आहे. पीक कर्ज त्याच पिकाच्या विक्रीतून फिटते. तेव्हा एकतर खर्च वजा करायचा किंवा मुद्दल. दोन्ही वजा केले की एकच रक्कम दोनदा मोजली जाते. ४०,८०० ही रक्कम पीक कर्ज फेडून झाल्यावर उरणारी आहे. मुदत कर्जाचा हप्ता, लग्नकार्य किंवा दवाखाना यांच्यासाठी कुटुंबाजवळ तेवढेच असते.

घरखर्चाचा आकडा वगळून काढलेली क्षमताही अशीच फसवी असते. कर्जप्रस्तावात पिकाचे उत्पन्न आणि पिकाचा खर्च नेटका लिहिलेला असतो, घराचे मात्र नाव नसते. कागदावर १,४८,८०० रुपये ‘निव्वळ नफा’ दिसतो आणि मंजुरी मिळून जाते. शेतकऱ्याचे घर आणि शेत यांची थैली एकच असते. मुलांची फी आणि युरियाचे पोते एकाच खिशातून जातात, म्हणून ते एकाच कागदावर मांडले पाहिजेत.

वर्षाची बेरीज झाली. आता हाच पैसा महिन्यांत मांडू, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते. जूनच्या सुरुवातीला गेल्या वर्षीचे २०,००० शिल्लक आहेत आणि पीक कर्जाचे १,२०,००० आले. हातात १,४०,०००. पेरणीत ५०,००० गेले, घरात १०,०००. राहिले ८०,०००. जुलै ते सप्टेंबर आवक जवळपास काहीच नाही. खुरपणी आणि फवारणीला २५,००० लागतात, घराला ३०,०००. सप्टेंबरअखेर हातात २५,००० उरतात. ऑक्टोबरमध्ये काढणी आणि मळणीचे २७,०००, घराचे १०,००० आणि हरभऱ्याच्या पेरणीचे २०,००० एकदम उभे राहतात. म्हणजे एकही पोते बाजारात जाण्याआधी ३२,००० रुपये कमी पडतात.

सोयाबीनची आवक बाजारात सर्वात जास्त असते तेव्हाच शेतकरी माल का विकतो, हे या ३२,००० वरून समजते. त्याला भाव कळत नाही, असे समजण्याचे कारण नाही. मळणीवाला, मजूर आणि बियाण्याचा दुकानदार तिघेही त्याच आठवड्यात दारात उभे असतात. समजा, त्याने सगळे सोयाबीन विकले. ऑक्टोबरअखेर हातात १,१९,२०० येतात. जानेवारीपर्यंत घर आणि हरभऱ्याची निगा यांत ३६,००० जातात आणि ८३,२०० उरतात. तुरीचे ४२,००० आले. फेब्रुवारी-मार्चचा घरखर्च २०,००० आणि हरभऱ्याच्या काढणीचे १०,००० गेले. मार्चपर्यंत सरकारी मदतीचे १२,००० जमा झाले. ३१ मार्चला हातात १,०७,२०० रुपये आहेत, आणि १८ क्विंटल हरभरा घरात आहे.

खरिपाच्या पीक कर्जाची परतफेडीची तारीख ३१ मार्च आहे. द्यायचे आहेत १,२०,०००. हरभरा आधी विकला गेला असेल तर काहीच अडचण नाही. पण हमीभावाच्या केंद्रावर नंबर लागायचा असेल किंवा माल दिल्यावर पैसे यायला महिना लागणार असेल, तर हे कुटुंब १२,८०० रुपयांनी अडते. वर्षाअखेर ४०,८०० शिल्लक टाकणारे कुटुंब एका तारखेला थकबाकीदार ठरू शकते. अर्थशास्त्रात सक्षमता आणि रोखता वेगळ्या असतात, हे आपण पुस्तकात शिकतो. सोसायटीच्या वसुली यादीत मात्र या दोहोंसाठी एकच रकाना असतो.

आता व्याज सवलतीकडे येऊ. केंद्राची व्याज सवलत योजना २००६-०७ पासून आहे. ३ लाखांपर्यंतचे अल्पमुदत पीक कर्ज बँकेने ७ टक्क्यांनी द्यायचे, त्यासाठी केंद्र बँकेला ठरावीक परतावा देते. वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राकडून आणखी ३ टक्के सूट मिळते. महाराष्ट्रात राज्य सरकार आपला वाटा घालते, त्यामुळे शेतकऱ्याला लागणारा दर ६ टक्के होतो. त्यातले ३ टक्के केंद्राच्या सुटीने जातात आणि उरलेले ३ टक्के डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य देते. २०२१ पासून ही पूर्ण ३ टक्क्यांची राज्य सवलत ३ लाखांपर्यंत लागू झाली आणि दर शून्यावर आला.

या रचनेत सवलत उतारासारखी हळूहळू कमी होत नाही, कड्यासारखी एकदम संपते. आपल्या कुटुंबाने १ जूनला १,२०,००० उचलले. ६ टक्क्यांनी दहा महिन्यांचे व्याज ६,००० रुपये होते. ३१ मार्चला पूर्ण रक्कम भरली तर हे ६,००० माफ. तारीख चुकली तर सगळे ६,००० अंगावर, आणि पुढच्या दिवसांना बँकेचा नेहमीचा, चढा दर. म्हणजे १२,८०० रुपये हातात नसल्याची किंमत ६,००० रुपये आहे. इतका महाग पैसा गावातला सावकारही देत नाही. महिना ३ टक्क्यांनी १२,८०० रुपये हातउसने घेतले तर महिन्याचे व्याज होते ३८४ रुपये. कुणीही शहाणा माणूस ३८४ देऊन ६,००० वाचवेल. शून्य टक्क्यांची योजना आणि खासगी सावकारी यांचा मार्चमध्ये असा मेळ बसतो. त्यात शेतकऱ्याचे वागणे तर्काला धरूनच असते.

काही ठिकाणी तर बँक आधी मुद्दल आणि व्याज दोन्ही भरून घेते आणि सवलतीची रक्कम नंतर खात्यात येते. त्या वेळी ३१ मार्चला १,२६,००० उभे करावे लागतात आणि तूट १८,८०० होते. सहा महिन्यांनी ६,००० परत आले तरी मार्चची नड त्याने भागत नाही. सवलतीचे मोल तिच्या टक्केवारीइतकेच ती केव्हा हातात पडते यावर अवलंबून असते.

या कड्यापाशी दोन प्रकारचे शेतकरी उभे असतात, आणि मूल्यमापन करणाऱ्याचे खरे काम त्यांना वेगळे ओळखण्याचे आहे. पहिला आपला औशाचा. त्याच्याकडे माल आहे, फक्त महिनाभराचा उशीर आहे. दुसऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचे सोयाबीन गेले, आलेला पैसा घरात आणि दवाखान्यात खर्च झाला. ३१ मार्चला त्याच्याकडे काहीच नाही. तो पतसंस्थेतून किंवा सावकाराकडून पूर्ण १,२०,००० पंधरा दिवसांसाठी उचलतो, महिना ३ टक्क्यांनी १,८०० रुपये व्याज देतो, सोसायटी भागवतो आणि एप्रिलमध्ये नवे कर्ज निघाले की सावकाराचे परत करतो. गावात याला ‘नवं-जुनं’ करणे म्हणतात. १,८०० देऊन ६,००० वाचले, शिवाय थकबाकीदार म्हणून नाव लागले नाही. त्याच्या बाजूने हाही व्यवहार बरोबरच आहे. पण नव्या कर्जातला बहुतेक पैसा सावकाराकडे गेलेला असतो, म्हणून जूनमध्ये बियाणे पुन्हा उधारीवर आणावे लागते. खते-औषधांचा दुकानदार ती उधारी भावात लावून वसूल करतो. पीक कर्ज पिकाला लागतच नाही. ते कायमचे डोक्यावर बसलेले असते, दर मार्चला फक्त त्याची तारीख बदलते.

बँकेच्या वसुली अहवालात हे दोघेही ‘शंभर टक्के परतफेड’ करणारे दिसतात. फरक दिसतो तो खातेउताऱ्यात. पहिल्याच्या खात्यावर नोव्हेंबरपासून काही ना काही जमा होत आलेले असते. दुसऱ्याच्या खात्यावर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकच मोठी रोख रक्कम जमा होते आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ तेवढीच निघते. असे सलग दोन-तीन वर्षे दिसले तर त्या कर्जामागे पीक नाही असे समजावे. मग बाजार समितीतल्या अडत्याच्या हिशेबपट्ट्या मागाव्यात. माल किती विकला आणि कोणत्या महिन्यात विकला हे त्यांवरून कळते. घरातल्या बाईंच्या नावावर मायक्रोफायनान्सचे गटकर्ज आहे का, सोने गहाण आहे का, हेही विचारावे. गटकर्जाचे साप्ताहिक किंवा पाक्षिक हप्ते घरखर्चात दडलेले असतात आणि हातउसने तर कुठल्याच पतअहवालात दिसत नाही. हे चौकशी करणाऱ्या साहेबाच्या आवाजात विचारले तर खरे उत्तर मिळत नाही. ओट्यावर बसून मागच्या वर्षीचा एकेक महिना आठवायला लावला की मिळते.

ऑक्टोबरातली घाईची विक्री टाळायचा एक मार्ग आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. आपल्या कुटुंबाने २० क्विंटल ठेवले तर ६३,००० उचल मिळेल आणि चार महिन्यांचे व्याज १,२६० रुपये होईल. भाव क्विंटलला ३०० रुपयांनी वाढला तर ६,००० जास्त मिळतील. पण भाव वाढेलच असे नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले, ते पाहून अनेकांनी पुढच्या हंगामांत माल राखून ठेवला आणि दर पडताना पाहिला. तारण कर्जाने वेळ विकत मिळतो. भावाची हमी ते देत नाही. म्हणून नडीपुरते विकावे आणि उरलेले ठेवावे. सगळा माल ठेवणे म्हणजे कर्जावर सट्टा खेळणे.

आता शेवटचा आणि सर्वात जबाबदारीचा भाग. याच कुटुंबाला विहिरीचे खोलीकरण आणि पाइपलाइन यांसाठी १,५०,००० चे मुदत कर्ज हवे आहे, व्याज ११ टक्के. पीक कर्जावरची सवलत अल्पमुदत कर्जालाच आहे, या कर्जाला ती नाही. पाच वर्षांच्या समान वार्षिक हप्त्यांनी फेडायचे तर हप्ता साधारण ४०,५८६ रुपये येतो. कुटुंबाची शिल्लक ४०,८००. पाण्यामुळे हरभरा एकरी दोन क्विंटलने वाढला तर ३१,२०० जास्त येतील. वीज आणि मजुरीचे ५,००० वजा करून २६,२०० राहतील. क्षमता झाली ६७,०००. हप्त्याने भागले की १.६५ येते. बँकेच्या भाषेत याला डीएससीआर म्हणतात, आणि सर्वसाधारणपणे दीड असला की प्रस्ताव चांगला समजतात. इथे फाइल बंद होते आणि कर्ज मंजूर होते.

पण मराठवाड्यात चांगल्या वर्षाचा हिशेब अर्धाच असतो. सप्टेंबरात पावसाने ओढ दिली किंवा काढणीत झोडपले, सोयाबीन पाव हिश्श्याने घटले असे धरा. नऊ क्विंटल गेले म्हणजे ३७,८०० रुपये गेले. ६७,००० ची क्षमता २९,२०० वर येते आणि ४०,५८६ च्या हप्त्यासमोर गुणोत्तर ०.७२ होते. जूनला हाताशी असणारी २०,००० ची शिल्लक त्यात घटून ८,६१४ वर येते. लागोपाठ दुसरे वर्ष तसेच गेले तर ती उणे होते, आणि तिथूनच नवं-जुनं सुरू होते. पाणी लागलेच नाही तर चित्र आणखी कठीण. बेसॉल्टच्या खडकात खोल जाऊनही विहीर कोरडी राहू शकते. तेव्हा २६,२०० ची वाढ मिळत नाही आणि वाईट वर्षाची क्षमता ३,००० रुपये उरते.

कर्जाची मुदत सात वर्षे केली तर हप्ता ३१,८३२ होतो. वाईट वर्षी तूट फक्त २,६३२ रुपयांची राहते, ती जुन्या शिलकीतून निघते. सलग दोन वाईट वर्षांनंतरही १४,७०० च्या आसपास हातात राहतात. यासाठी सात वर्षांत मिळून सुमारे १९,९०० रुपये व्याज जास्त द्यावे लागते. एकूण व्याज कमीत कमी ठेवावे हा सल्ला पगारदाराला ठीक आहे. पावसावर जगणाऱ्याने हे १९,९०० विम्याचा हप्ता समजून आनंदाने द्यावेत.

नैसर्गिक आपत्तीत पिकाचे ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झाले तर पीक कर्जाचे पुनर्गठन होऊ शकते. पण पुनर्गठित कर्जाला व्याज सवलत पहिल्या वर्षापुरतीच मिळते, नंतर नेहमीचा दर लागतो. आपण धरलेले २५ टक्के नुकसान तर या मदतीच्या उंबरठ्याच्याही आत येत नाही. असली मधली, थोडी वाईट वर्षेच लहान शेतकऱ्याला जास्त पोखरतात. त्यांची ना बातमी होते, ना पंचनामा.

हप्त्याची तारीखही ठरवायची आहे. मासिक हप्ता या घराला लावणे चूक आहे, कारण जुलै ते सप्टेंबर आवक नसते. नोव्हेंबरात हप्ता घेतला तर सोयाबीनचा पैसा दिसतो खरा, पण मार्चची तूट वाढते. ३१ मार्चला दोन्ही कर्जे एकाच दिवशी आणणे सर्वात वाईट. हरभऱ्याचा पैसा एप्रिलपर्यंत येतो, तोवर पीक कर्ज फिटलेले असते आणि पेरणीला अजून महिना असतो.

म्हणून या प्रस्तावावर माझा शेरा असा असेल: आधी भूजल तज्ज्ञाकडून विहिरीची तपासणी करून घ्यावी. पाण्याची शक्यता चांगली असेल तरच १,५०,००० मंजूर करावेत, मुदत सात वर्षे, वर्षाला एक हप्ता, तारीख ३० एप्रिल. पाच वर्षांच्या मुदतीत हे कर्ज देऊ नये.